स्पीकर बिचारा निर्दोष असतो

‘खातं जोडता आलं नाही, पुन्हा प्रयत्न करा’ असा निरोप दुसऱ्यांदा आला की बहुतेक घरांत पहिल्यांदा स्पीकरची वायर काढून परत लावली जाते. मग राउटरची पाळी येते. तेवढ्यानेही भागलं नाही तर कोणीतरी स्पीकर पूर्ण रिसेट करतो, आणि मग आधी चालत असलेल्या गोष्टीही नव्याने बसवाव्या लागतात. यातल्या कशाचाही उपयोग होत नाही. गाण्यांचं खातं जोडण्याच्या व्यवहारात स्पीकर भागच घेत नाही. खात्री करून घ्यायची असेल तर त्याला हवामान विचारा. उत्तर आलं तर स्पीकर आणि वायफाय दोन्ही ठीक आहेत, त्यांना सोडा आणि फोन हातात घ्या.

खरा व्यवहार तिघांत होतो. एक तुमचा फोन, दुसरी तुमचा आवाज ऐकणारी कंपनी, म्हणजे ॲमेझॉन किंवा गूगल, आणि तिसरी गाणी पुरवणारी कंपनी, म्हणजे स्पॉटिफाय, जिओसावन वगैरे. ॲलेक्साच्या किंवा गूगल होमच्या ॲपमध्ये तुम्ही ‘जोडा’ दाबता तेव्हा फोनवर गाण्याच्या कंपनीचं लॉगिनचं पान उघडतं. तिथे तुम्ही स्वतःची ओळख पटवता आणि ‘मान्य’ म्हणता. मग ती कंपनी तुमच्या नावाने एक मर्यादित मुखत्यारपत्र लिहून आवाजाच्या कंपनीकडे देते: या माणसाच्या खात्यातली गाणी वाजवायची मुभा आहे, पासवर्ड मात्र मिळणार नाही. ही पद्धत ओ-ऑथ २.० या नावाने २०१२ साली ठरली आणि आज जवळजवळ सगळे तीच वापरतात.

या पद्धतीतले दोन बारकावे माहीत असले तर अर्ध्या अडचणी उलगडतात. ‘मान्य’ दाबल्यावर आधी एक तात्पुरता कोड तयार होतो. तो एकदाच वापरता येतो आणि फार वेळ टिकत नाही, दहा मिनिटांच्या आत संपावा अशीच शिफारस आहे. म्हणून ‘मान्य’ दाबल्यावर मधेच फोन आला, मग ‘मागे’ दाबून त्याच पानावर पुन्हा ‘मान्य’ केलं, तर नकार येऊ शकतो. दुसरा बारकावा असा की, कोड देऊन मिळणारा खरा परवाना अल्पायुषी असतो. स्पॉटिफायच्या बाबतीत तो तासाभराचा असतो आणि तुम्हाला न कळता मागच्या मागे नवा होत राहतो. त्यामुळे जोडणी झाली, गाणी वाजली आणि तासाभराने स्पीकर पुन्हा ‘खातं जोडा’ म्हणायला लागला, तर जोडताना काही चुकलेलं नाही, नूतनीकरण अडलं आहे असा संशय घ्यावा. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

म्हणून चूक दिसली की लगेच पुन्हा दाबू नका. पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि ब्राउझर उघडला असेल तर वरच्या पत्त्याच्या पट्टीतही पाहा. पत्त्यात `error=access_denied` असं काही दिसलं तर परवानगी नाकारली गेली आहे. एक तर कोणीतरी ‘रद्द’ दाबलं, किंवा त्या खात्याला ही परवानगी देण्याचा अधिकारच नाही. ऑफिसच्या किंवा कॉलेजच्या ईमेलने लॉगिन केलं की असं होऊ शकतं, कारण तिथे परवानगी देण्याचा अधिकार संस्थेच्या व्यवस्थापकाकडे असतो. मुलांसाठी पालकांच्या देखरेखीखाली काढलेल्या खात्यांचंही तसंच आहे. `invalid_grant` दिसलं तर तो वर सांगितलेला शिळा कोड किंवा मोडलेलं नूतनीकरण असतं. `redirect_uri_mismatch` किंवा `invalid_client` दिसलं तर दोन कंपन्यांच्या आपापसातल्या नोंदींमध्ये गडबड आहे. तिथे तुमच्या हातात काही नाही, उद्या पाहा.

एक चूक मात्र अगदी वेगळी आणि फार फसवी आहे. गाण्यांच्या खात्यात तुम्ही नेहमी ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण दाबून जात असाल, आणि जोडणीचं पान एखाद्या ॲपच्या आतल्या छोट्या खिडकीत उघडलं असेल, तर गूगल `403: disallowed_useragent` असं सांगून दार बंद करतं. ॲपच्या पोटातल्या खिडकीत गूगलचा पासवर्ड टाकू देणं धोक्याचं आहे, कारण ती खिडकी चालवणारं ॲप तुम्ही टाइप केलेलं सगळं वाचू शकतं. म्हणून गूगलने २०१६ मध्ये हा मार्ग बंद करण्याचं जाहीर केलं आणि पुढच्या काळात तो बंद केला. माणसाला वाटतं आपला पासवर्ड चुकला, आणि तो पासवर्ड बदलत बसतो. इथे पासवर्डचा संबंधच नाही. गाण्यांच्या खात्याला स्वतःचा पासवर्ड करून द्यावा. स्पॉटिफायच्या लॉगिन पानावर ‘पासवर्ड विसरलात’ निवडून तुमचा ईमेल दिला की तो करता येतो, आधी कधी केलेला नसला तरी. मग जोडताना गूगलचं बटण न दाबता ईमेल आणि हा नवा पासवर्ड टाकायचा.

‘मान्य’ दाबल्यावर पान पांढरंच राहिलं आणि काहीच झालं नाही, तर जाहिराती अडवणारी सोय किंवा व्हीपीएन चालू आहे का ते बघा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये `Private DNS` नावाची जागा असते. जाहिराती कमी व्हाव्यात म्हणून तिथे कोणीतरी एखादा पत्ता घालून ठेवलेला असतो आणि मग सगळे विसरतात. जोडणीपुरती ती सोय बंद करा, पाहिजे तर नंतर चालू करा.

आता एक उदाहरण नीट पाहू, कारण पनवेलच्या बाजूला हा प्रकार सहज घडू शकतो. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, खारघर या वसाहतींत मुलगा किंवा मुलगी परदेशी असलेली घरं थोडी नाहीत. समजा, नवीन पनवेलचे एक निवृत्त काका-काकू सहा महिने मुलाकडे न्यू जर्सीला राहून आले. मुलाने तिथेच एक एको स्पीकर घेऊन आपल्या अमेरिकन ॲमेझॉन खात्यावर चालू करून दिला. काकूंच्या फोनवर स्पॉटिफायचं मोफत खातंही तिथेच काढलं. परत आल्यावर स्पीकर वायफायला जोडला गेला, वेळ सांगू लागला. पण स्पॉटिफाय जोडायला गेलं की परवानगीची चूक येते, आणि जिओसावन तर जोडायच्या यादीत दिसतच नाही. काकूंनी मुलाला फोन लावला, त्याने आपला पासवर्ड सांगितला. आता ॲमेझॉन ओटीपी मागतं, तो जातो न्यू जर्सीच्या नंबरवर, आणि पनवेलला सकाळचे नऊ वाजलेले असताना तिकडे रात्र असते.

इथे दोन वेगळ्या गोष्टी अडल्या आहेत आणि त्या एकत्र सोडवायला गेलं की गुंता होतो. पहिली स्पॉटिफायची. प्रत्येक खात्याला एक देश असतो, आणि मोफत खातं त्या देशाबाहेर १४ दिवसच चालतं. काकूंचं खातं अमेरिकेत निघालं म्हणून त्याचा देश अमेरिका. १५व्या दिवसापासून लॉगिन अडायला लागतं, आणि लॉगिनच झालं नाही तर परवानगी देणार कोण? हे ओळखायला फोनच्या ब्राउझरमध्ये `spotify.com/account` उघडावं आणि प्रोफाइलमध्ये देश कोणता लिहिला आहे ते पाहावं. तिथेच तो बदलून भारत करता येतो. अट एकच: तुम्ही त्या वेळी भारतातून इंटरनेट वापरताय असं स्पॉटिफायला दिसलं पाहिजे. म्हणजे व्हीपीएन बंद. पैसे भरून घेतलेल्या प्रीमियम खात्याला १४ दिवसांची मर्यादा नाही, पण त्याचा देश बदलायचा तर पैसे भरण्याची सोयही नव्या देशातली लागते.

दुसरी गोष्ट ॲमेझॉनची. जोडायच्या सेवांची यादी स्पीकर कुठल्या गावात ठेवलाय यावर ठरत नाही, तो ज्याच्या नावावर नोंदलाय त्या खात्याच्या देशावर ठरते. खातं अमेरिकेचं म्हणून यादी अमेरिकेची. त्यात भारतीय सेवा नसल्या तर ते साहजिकच आहे. काकूंचं किंवा काकांचं भारतातलं ॲमेझॉन खातं बहुधा आधीच असतं, कारण खरेदी सगळ्यांचीच चालते. स्पीकर त्या खात्यावर आणायचा. याची सुरुवात मुलाने न्यू जर्सीतून करावी. त्याने आपल्या ब्राउझरमधून ॲमेझॉनच्या `Manage Your Content and Devices` या पानावर जाऊन तो स्पीकर `Deregister` करायचा. हे तिकडे बसून होतं, ओटीपीसाठी इकडे कोणाला ताटकळावं लागत नाही आणि मुलाचा पासवर्ड फोनवर सांगावा लागत नाही. (मुलाच्या खात्यात त्याचं क्रेडिट कार्ड जोडलेलं असतं. आई-बाबांच्या फोनवर ते उघडं राहण्यापेक्षा हे बरं.)

मग पनवेलला काकूंच्या फोनवर ॲलेक्साच्या ॲपमधून मुलाच्या खात्यातून बाहेर पडायचं आणि स्वतःच्या खात्याने आत यायचं. इथे एक सापळा आहे. एकाच ईमेलवर अमेरिकेचं आणि भारताचं अशी दोन खाती असू शकतात, आणि तुम्ही कुठल्या खात्यात शिरलात ते पाहूनही चटकन कळत नाही. म्हणून ईमेलऐवजी +91 लावून आपला मोबाइल नंबर टाकावा, ओटीपीही हातातल्याच फोनवर येतो. आत गेल्यावर ब्राउझरमध्ये त्याच `Manage Your Content and Devices` पानाच्या `Preferences` भागात `Country/Region Settings` उघडून भारत लिहिलंय ना ते बघून घ्यावं. त्यानंतर ॲपमध्ये नवं उपकरण म्हणून स्पीकर बसवायचा. एकोच्या माथ्यावरचं बटण दाबून धरलं की केशरी दिवा लागतो, मग ॲप पुढचं सांगतं. आता `Music & Podcasts` मध्ये गेलं की यादी भारताची दिसेल.

याची किंमतही माहीत असावी. मुलाच्या खात्यावर त्याने जोडलेलं सगळं, म्हणजे त्याच्या प्राइममुळे मिळणारी गाणी आणि त्याने बसवलेले सकाळचे कार्यक्रम, या स्पीकरवरून जातं. ते गमवायचं नसेल तर स्पीकर मुलाच्या खात्यावरच ठेवून फोनमधली गाणी ब्लूटूथने लावता येतात. ब्लूटूथला कुठल्याही खात्याची परवानगी लागत नाही. जोडणी सुटेपर्यंतच्या दिवसांसाठीही हा रस्ता उत्तम, विशेषतः ज्येष्ठांच्या घरात, जिथे सकाळी अभंग हवेच असतात.

देश बरोबर आहे, पासवर्ड बरोबर आहे, तरी चूक येत राहते तेव्हा बहुतेक वेळा अर्धवट तुटलेली जुनी परवानगी आडवी येते. आवाजाच्या कंपनीकडे तुम्ही ‘काढून टाका’ म्हटलंत तरी गाण्याच्या कंपनीकडे जुनी नोंद राहू शकते, आणि उलटही. म्हणून दोन्ही टोकं मोकळी करावी लागतात. ॲलेक्साच्या ॲपमध्ये `More`, मग `Settings`, मग `Music & Podcasts` मध्ये ती सेवा उघडून बंद करा. गूगल होममध्ये सेटिंग्जमधल्या `Music` खाली तिच्यापुढचं `Unlink` दाबा. (ही नावं ॲपच्या नव्या आवृत्तीत थोडीफार इकडेतिकडे होतात.) मग दुसरं टोक: `spotify.com/account/apps` या पानावर तुम्ही आजवर ज्यांना ज्यांना परवानगी दिली त्यांची यादी असते. तिथे ॲमेझॉन किंवा गूगलच्या नावापुढचं `Remove access` दाबा. सगळ्या फोनवरून बाहेर पडण्याचं `Sign out everywhere` हे बटण इथे पुरत नाही, कारण स्पीकरसारख्या भागीदार उपकरणांना ते लागू होत नाही. या यादीत अनोळखी नावं दिसली तर तीही काढा.

दोन्ही टोकं मोकळी झाल्यावर थोडा वेळ जाऊ द्या. लागोपाठ धडाधड प्रयत्न केले की कंपनीच तुम्हाला काही काळ थांबवते, आणि तो नकार मूळ चुकीसारखाच दिसतो, म्हणजे निदान आणखी बिघडतं. चहा पिऊन या. मग एकदाच, ओटीपी येईल तो फोन हाताशी ठेवून, सुरुवातीपासून जोडा. पूर्वी उघडं राहिलेलं पान वापरू नका.

जोडणी होते पण गाण्यांच्या याद्या दिसत नाहीत, किंवा पैसे भरूनही स्पीकर ‘प्रीमियम लागेल’ म्हणतो, तेव्हा वेगळीच गंमत झालेली असते. जोडलं गेलंय ते दुसरंच खातं. फोन नंबरने एकदा, ईमेलने एकदा आणि ‘गूगलने लॉगिन’ दाबून तिसऱ्यांदा असं जाता जाता एका माणसाची दोन-तीन खाती सहज तयार होतात, आणि त्यातल्या एकातच पैसे भरलेले असतात. शिवाय फोनमध्ये स्पॉटिफायचं ॲप असेल तर जोडणीच्या वेळी फोन कधी कधी थेट त्या ॲपकडे जातो आणि तिथे जे खातं चालू आहे तेच न विचारता घेतो. नातवाने संध्याकाळी आजीच्या फोनवर आपलं खातं उघडून ठेवलं असेल, तर आजीच्या स्पीकरला नातवाची गाणी जोडली जातात. जोडण्यापूर्वी फोनवरच्या ॲपमध्ये प्रोफाइल उघडून नाव आणि वर्गणी तपासा, एवढंच पुरतं.

घरातल्या एकाचं चालतं आणि दुसऱ्याचं नाही, अशीही तक्रार असते. गूगल होममध्ये घरातल्या प्रत्येक सदस्याने आपली सेवा आपल्या फोनवरून वेगळी जोडायची असते, आणि स्पीकरला माणूस ओळखता यावा म्हणून `Voice Match` मध्ये आवाज नोंदवायचा असतो. एकोवर दोन ॲमेझॉन खाती असतील तर कोणाचं खातं चालू आहे ते ॲलेक्साला इंग्रजीतून विचारता येतं आणि `Switch accounts` म्हणून ते बदलता येतं. सासूबाईंनी जोडलेली सेवा सुनेच्या खात्याला आपोआप मिळत नाही.

कधी कधी तर जोडायला समोर कोणी उरलेलंच नसतं. गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झालं, रेसो भारतात जानेवारी २०२४ मध्ये, आणि एअरटेलने विंक बंद करत असल्याचं त्याच वर्षी सांगितलं. जुन्या सेटिंगमध्ये मुख्य सेवा म्हणून यातली एखादी अजून निवडलेली राहिली असेल, तर स्पीकर प्रत्येक वेळी तिच्याकडे जाऊ पाहतो आणि परत येतो. मुख्य सेवा बदलली की तो त्रास संपतो.

हे सगळं करूनही नकार आला तर ग्राहक सेवेशी बोला, पण आधी कोणाला फोन लावायचा ते ठरवा. त्याच गाण्याच्या खात्याने फोनवर गाणी वाजत असतील आणि त्याच्या परवानग्यांच्या पानावर ॲमेझॉन किंवा गूगलचं नाव ‘मान्य’ केल्यावर दिसू लागलं असेल, तर मुखत्यारपत्र निघालेलं आहे आणि ते घेणारा अडला आहे: आवाजाच्या कंपनीला विचारा. नाव तिथे दिसतच नसेल तर देणारा अडला आहे: गाण्याच्या कंपनीला विचारा. बोलताना चुकीचे नेमके शब्द, तारीख-वेळ आणि खात्याचा देश सांगितला की ‘स्पीकर बंद करून चालू केलात का’ या प्रश्नातून लवकर सुटका होते. पासवर्ड किंवा ओटीपी मात्र कोणालाही सांगायचा नाही. शोधून मिळालेल्या नंबरवर फोन लावू नये, मदतीचा नंबर किंवा चॅट त्या त्या ॲपच्या आतूनच उघडावा.

शेवटी, जोडणी झाल्यावर ‘सापडलं नाही’ असं ऐकू आलं तर ती परवानगीची चूक नव्हे. स्पीकर बहुतेक घरांत इंग्रजीवर किंवा हिंदीवर ठेवलेला असतो आणि मराठी गाण्याचं नाव त्याच्या कानाला भलतंच लागतं. काकूंनी स्पॉटिफायमध्ये आवडत्या गाण्यांची यादी केली असेल तर तिला देवनागरीत ‘सकाळची भजनं’ न म्हणता रोमन लिपीत एखादं सोपं नाव द्यावं, `Morning` सुद्धा चालेल, आणि स्पीकरला त्याच नावाने ती लावायला सांगावी.